धाकट्या जावेचा इंग्रजी बायोडाटा

आमच्या घरात इंग्रजी माझ्याकडं होतं. बँकेचा फॉर्म असो, औषधाच्या खोक्यातली घडी केलेली चिठ्ठी असो, नाहीतर दिराच्या ट्रान्सपोर्ट कंपनीतून आलेलं पत्र. सगळं फिरत फिरत शेवटी माझ्या हातात यायचं. सासरच्या माणसांत एम. ए. झालेली मी एकटीच. माझे वडील करमाडच्या शाळेत शिक्षक होते, त्यांनी मला हौसेनं शिकवलं. सासरचं मूळ गाव पिशोरच्या पलीकडची एक वस्ती. सासऱ्यांची मेंढरं तेव्हाही होती. दोघे भाऊ आणि आम्ही दोघी जावा शहरात, मुकुंदवाडीत राहायचो, वरच्या दोन खोल्यांत आम्ही, खालच्या दोन खोल्यांत धाकटे आणि सासूबाई.

मला प्राध्यापक व्हायचं होतं. तीन ठिकाणी मुलाखती दिल्या, तिन्ही ठिकाणांहून काही कळवलं गेलं नाही. मग कोर्टासमोरच्या एका टायपिंग सेंटरवर बसायला लागले. सेंटर एका वयस्कर मुसलमान गृहस्थांचं. सगळे त्यांना चाचा म्हणत, मीही म्हणायचे. ते मला बाजी, म्हणजे ताई, म्हणायचे. उर्दू टाइपरायटरपासून त्यांनी सुरुवात केलेली, पुढं इंग्रजी, मग कॉम्प्युटर. आखाती देशांत जाणाऱ्या गवंड्यांचे, ड्रायव्हरांचे, शिंप्यांचे कागद त्यांनी तीस वर्षं केलेले. मराठीचं इंग्रजी करायचं काम माझ्याकडं असायचं. जन्माचे दाखले, शपथपत्रं, वारसाचे कागद. भाषांतराच्या खाली 'खरा व अचूक अनुवाद' असं इंग्रजीत लिहून मी सही करायचे. ती सही करताना मला बरं वाटायचं.

धाकटी जाऊ नर्स होती. तिच्या माहेरी अजूनही सगळे मेंढरांमागं फिरणारे, ती आश्रमशाळेत वाढली. लग्नाआधी तिनं दीड वर्षाचा सहायक परिचारिकेचा कोर्स केला होता आणि एका उपकेंद्रात काही दिवस काम केलं होतं. लग्नानंतर दिरानं तिला पुढचा मोठा कोर्स करू दिला, साडेतीन वर्षांचा. त्या वर्षांत ती संध्याकाळी पुस्तक घेऊन वर यायची आणि शब्दांचे अर्थ विचारायची. उच्चार चुकायचे तिचे. मी हसायचे आणि नीट करून सांगायचे. ते दिवस मला आवडायचे, हे मी आज कबूल करते. ती खालच्या पायरीवर बसलेली आणि मी वरच्या, असं ते होतं.

कोर्स संपला आणि ती सरकारी दवाखान्यात लागली. त्यानंतर गल्लीतली माणसं तिच्या दारावर येऊ लागली. कुणाला बीपी बघायचं, कुणाच्या पोराला ताप, कुणाला इंजेक्शन. सासरे गावाहून आले की पूर्वी आधी वर येऊन चहा घ्यायचे. आता खालीच थांबायचे, तिच्याकडून गुडघा दाबून घ्यायचे, आणि चहा तिथंच व्हायचा. एकदा मी जिन्यात उभी असताना ते शेजाऱ्याला सांगत होते, आमच्या धाकट्या सुनेच्या हाताला गुण हाय. माझ्या हाताबद्दल कुणी काही म्हणण्यासारखं नव्हतंच. कागद वाचून दाखवणाऱ्या बाईच्या हाताला काय गुण असणार?

मला हेवा वाटायला लागला तो तिथून. आधी मी त्याला दुसरी नावं दिली. ती फार मिरवते म्हटलं, गणवेश वाळत घालताना मुद्दाम पुढच्या दोरीवर घालते म्हटलं. ती तो पुढच्या दोरीवर घालायची, कारण मागच्या दोरीवर ऊन यायचं नाही.

सरकारी दवाखान्यातली तिची नोकरी कायम नव्हती. कोर्सनंतर ठरावीक काळ सेवा देण्याचं बंधपत्र असतं, त्यावर नेमलेल्यांना बंधपत्रित म्हणतात. ठरावीक दिवसांनी ऑर्डर संपायची, मध्ये खंड द्यायचा, मग नवी ऑर्डर. याला ती कंटाळली होती. तिच्याबरोबर शिकलेल्या दोघींनी मुंबईच्या एका एजन्सीमार्फत आखातातल्या दवाखान्याला अर्ज केले होते. तिकडं नवजात बाळांच्या अतिदक्षता विभागासाठी नर्स हव्या होत्या. हिनं नेमकं तेच काम केलेलं. एजन्सी म्हणाली, आधी इंग्रजी बायोडाटा आणि अनुभवाच्या दाखल्यांचं भाषांतर पाठवा, ते तिकडं जाईल, पसंत पडलं तर मुंबईत मुलाखत.

एका रविवारी ती वर आली. आखीव कागदांवर तिनं सगळं मराठीत लिहून आणलं होतं, अक्षर शाळेतल्या फळ्यासारखं सरळ. बरोबर दाखल्यांच्या झेरॉक्स. तिची चार वर्षांची मुलगी पदर धरून मागं उभी होती.

"ताई, तुमच्याशिवाय कुणाला देऊ हे?" ती म्हणाली.

मी म्हटलं, ठेव, बघते. आणि मुलीच्या हातावर शेंगदाण्याचा लाडू ठेवला.

दुसऱ्या दिवशी सेंटरवर मी ते कागद वाचायला घेतले. वरचं अर्धं पान नेहमीचं, वडिलांचं नाव, जन्मतारीख, जात, स्वभाव मनमिळाऊ, छंद वाचन. खाली अनुभव. तिथं आले आणि माझा हात थांबला. नवजात शिशू अतिदक्षता विभाग, अधिपरिचारिका, दोन वर्षं. किलोभराहून कमी वजनाच्या बाळांची शुश्रूषा. श्वसनयंत्रावरच्या बाळांवर लक्ष ठेवणं. नाळेतून नळी घालताना डॉक्टरांना मदत. आईचं दूध नळीनं पाजणं. परिसेविका रजेवर असताना तीन महिने विभागाचा प्रभार.

सहा वर्षं आम्ही एका छपराखाली राहत होतो. ती रोज कुठं जाते हे मला माहीत होतं, तिथं काय करते हे मी कधी विचारलं नव्हतं. माझ्या डोळ्यांसमोर तिचे हात आले. भाकरी थापणारे, काळवंडलेले, आखूड बोटांचे. त्या हातांत तळव्याएवढी बाळं. मला तिचं कौतुक वाटायला हवं होतं. ते वाटलं नाही. मी दिवसभर काय करते, असं कुणी लिहायला सांगितलं, तर माझ्या कागदावर किती ओळी होतील याचा मी हिशेब करत बसले.

मग मी भाषांतर केलं.

ते कसं केलं, हे मला नीट सांगायचं आहे. मी एकही खोटी ओळ लिहिली नाही. तिनं तारखेच्या क्रमानं लिहिलं होतं, तो क्रम मी तसाच ठेवला, म्हणून सगळ्यात जुनं काम सगळ्यात वर आलं. सहायक परिचारिका प्रसविका. तिच्या प्रमाणपत्रावर त्याचं इंग्रजी नाव छापलेलं होतं, ऑक्झिलरी नर्स मिडवाइफ. परदेशी माणसाला ते कळणार नाही अशी मी माझी समजूत घातली आणि लिहिलं, असिस्टंट नर्स. अधिपरिचारिका म्हणजे स्टाफ नर्स, हे तिच्या गणवेशावरच्या बिल्ल्यावर मी रोज वाचत होते. मी नुसतं नर्स लिहिलं. बंधपत्रितचं बाँडेड केलं, शब्दाला शब्द. नवजात शिशू अतिदक्षता विभाग हे फार लांबलचक वाटतं म्हणून चिल्ड्रन्स वॉर्ड. नर्सिंग परिषदेकडची तिची नोंदणी, जिच्यामुळं ती कायद्यानं नर्स ठरते, ती तिनं शेवटी लिहिली होती. मीही शेवटीच ठेवली, छंदांच्याही खाली. तीन महिन्यांचा प्रभार मी गाळला. तेवढ्यासाठी एक कारण होतं माझ्याकडं, दाखल्यात तो उल्लेख एका ओळीत, बारीक होता.

प्रत्येक शब्दाला माझ्याकडं कारण होतं. चाचांनी पाहिलं असतं तर एखादं तरी विचारलं असतं, पण त्या दिवशी ते एका नातलगाच्या लग्नाला जालन्याला गेले होते. मी खाली खरा व अचूक अनुवाद असं टाइप केलं आणि सही केली.

संध्याकाळी तिनं कागद हातात घेऊन ओळीवरून बोट फिरवत वाचले. चिल्ड्रन्स वॉर्डपाशी बोट थांबलं. हे असं का, तिनं विचारलं. मी म्हटलं, तिकडच्या माणसांना सोपं लिहिलेलं बरं असतं. तिनं मान हलवली. तुम्ही लिहिलंय म्हणजे बरोबरच असंल, म्हणाली. दुसऱ्या दिवशी सेंटरच्या ईमेलवरून मी बायोडाटा पाठवून दिला.

तीन आठवड्यांनी उत्तर आलं. ते आधी मीच वाचलं. एजन्सीनं लिहिलं होतं की, दवाखान्याला नवजात अतिदक्षतेचा अनुभव असलेल्या नोंदणीकृत नर्स हव्या आहेत, या उमेदवाराचा तसा अनुभव दिसत नाही. मात्र असिस्टंट नर्सच्या जागा आहेत, त्यांत विचार होऊ शकेल, संमती असल्यास कळवा. तिकडं असिस्टंट नर्स ही वेगळीच पायरी असते. परवाना वेगळा, काम वेगळं. आंघोळ घालणं, चादरी बदलणं, नर्सच्या हाताखाली राबणं.

मी ते पत्र दोनदा वाचलं. पहिल्यांदा वाचताना मला आनंद झाला. तो आनंद इतका उघडा होता की मी चाचांकडं पाठ करून बसले.

घरी जाऊन मी तिला अर्थ सांगितला. ती खालच्या खोलीत भाजी निवडत होती. पत्र तिनं हातात घेतलं, पण वाचलं नाही. "म्हंजे मी तिथं असिस्टंट," एवढं म्हणाली आणि पुन्हा भाजी निवडायला लागली. सासूबाई म्हणाल्या, बरंच झालं, लेकराला टाकून कुठं जाती. मी तिच्याजवळ बसले, तिच्या पाठीवरून हात फिरवला आणि म्हटलं, इथं तुझं काय वाईट चाललंय? हा हात फिरवणं मला आठवतं तेव्हा भाषांतरापेक्षाही जास्त लाज वाटते. तिच्या दोन्ही मैत्रिणींची निवड झाली होती. त्यांतल्या एकीनं तर त्या विभागात हिच्या निम्मंही काम केलेलं नव्हतं.

चार-पाच दिवसांनी दुपारी ती सेंटरवर आली. सकाळची ड्युटी करून थेट आलेली, गणवेशात. यापूर्वी ती तिथं कधीच आली नव्हती. चाचांनी उठून तिला खुर्ची दिली. तिनं पर्समधून दोन बायोडाटा काढून टेबलावर शेजारी शेजारी ठेवले. एक मैत्रिणीचा, एक मी केलेला. माझ्या कागदावर सहा-सात ठिकाणी पेन्सिलीनं खुणा होत्या.

"ताई," ती म्हणाली, "मला इंग्रजी बोलता येत नाय. वाचता येतं."

मी दोन्ही कागद जवळ ओढले.

तिनं एका खुणेवर बोट ठेवलं. बाँडेड हा शब्द तिनं डिक्शनरीत पाहिला होता. तिथं वेठीला धरलेल्या मजुरांचं काहीतरी दिलेलं होतं. मी म्हणाले, बंधपत्रितचा शब्दशः अर्थ तोच होतो. माझा आवाज मलाच वर्गात शिकवल्यासारखा वाटला. तेवढ्यात चाचांनी चष्मा लावून माझा कागद उचलला. पूर्ण वाचला आणि माझ्याकडं पाहिलं, त्यांच्या चेहऱ्यावर नुसतं नवल होतं.

"बाजी, ऐसा नहीं लिखते," ते म्हणाले. "साहब लोगां पहले की चार लैनां पढते, बस. पहले लैन में असिस्टंट दिखी, तो नीचे कौन देखता?"

मग ते समजावायला लागले. नावाखाली लगेच नोंदणी यायला पाहिजे. शेवटची नोकरी सगळ्यात वर, जुनी खाली. दवाखाना किती खाटांचा, विभाग किती खाटांचा, एका नर्सकडं किती बाळं, कोणती यंत्रं चालवली, हे त्यांना बघायचं असतं. त्यांच्या जाहिरातीत जे पद असेल, तेच नाव आपल्या कागदावर दिसलं पाहिजे, अर्थात ते खरं असेल तर. जात, वडिलांचा व्यवसाय, मनमिळाऊ स्वभाव, हे सगळं काढून टाकायचं. हे मला माहीत नसावं, नर्सचा कागद मी पहिल्यांदाच केला म्हणून चूक झाली असावी, असंच चाचा धरून चालले होते. ते इतक्या मायेनं सांगत होते की मला सुटायला वाट मिळाली होती. होय चाचा, मला कल्पना नव्हती, एवढं म्हटलं की संपत होतं.

जाऊ माझ्याकडं बघत होती. तिच्या नजरेत राग नव्हता, ती वाट बघत होती. इंजेक्शन दिल्यावर पेशंटचा चेहरा बघतात, तसं.

"मला माहीत होतं," मी म्हणाले. "चुकून नाही लिहिलं मी."

चाचांनी कागद खाली ठेवला आणि उठून बाहेर पान आणायला गेले. ते पान खात नसत.

तिनं दोन्ही बायोडाटा एकावर एक ठेवले. मग म्हणाली, "मला ठाऊक व्हतं. तुम्हाला इंग्रजी येत नाय असं कसं म्हणू मी?"

मी रडले नाही, आणि रडायचा मला हक्कही वाटला नाही. का केलं, हे तिनं विचारलं नाही. विचारलं असतं तर मी काय सांगणार होते? सासरे आता चहा खाली घेतात म्हणून? तिनं खुर्ची माझ्या कॉम्प्युटरजवळ ओढली आणि म्हणाली, "आता बसा. मी सांगते, तुम्ही इंग्रजी करा."

त्या दुपारी आम्ही तो कागद पहिल्यापासून केला. ती सांगत होती, मी विचारत होते. इतकी वर्षं ती मला शब्द विचारायची, त्या दिवशी पहिल्यांदा मी तिला विचारत होते. नाळेतून नळी घालतात म्हणजे नक्की काय करतात, नळीनं दूध किती वेळानं देतात, यंत्राची घंटा वाजली की तू आधी काय बघतेस. तिला त्यांतल्या पुष्कळ गोष्टींचे इंग्रजी शब्द माझ्याहून चांगले येत होते, उच्चार तेवढे वेगळे. मला त्यांची स्पेलिंगही तिनं सांगितली. मी टाइप करत होते आणि प्रत्येक ओळीबरोबर तो हेवा माझ्या आत पुन्हा पुन्हा उठत होता. फरक एवढाच की आता मी तो बोटांपर्यंत येऊ देत नव्हते.

नावाखाली लिहिलं, रजिस्टर्ड नर्स, रजिस्टर्ड मिडवाइफ. अधिपरिचारिकेचं स्टाफ नर्स झालं. बंधपत्रित शब्दावर आम्ही बराच वेळ अडलो. तो नुसता गाळला, तर दाखल्याशी मेळ बसेना. तसाच ठेवला, तर तिकडं भलता अर्थ निघणार. शेवटी लिहिलं, शिक्षणानंतरच्या सक्तीच्या सरकारी सेवेतली तात्पुरती नेमणूक. सहायक परिचारिकेचा कोर्स शेवटी गेला, प्रमाणपत्रावरच्या त्याच्या खऱ्या नावानं, पुढं अठरा महिन्यांचा आणि नंतरच्या डिप्लोम्याआधीचा असं स्पष्ट करून. डिप्लोम्यापुढं साडेतीन वर्षं. बारावी लिहून तिकडं कळत नाही, म्हणून बारा वर्षांचं शालेय शिक्षण. श्रेणीऐवजी टक्के.

राहिला तीन महिन्यांचा प्रभार. चाचा तोवर परत आले होते. ते म्हणाले, हेड नर्स लिहून टाका, सगळेच लिहितात. मला भरपाई करायची घाई झाली होती. मी चार्ज नर्स असं टाइप करून टाकलंसुद्धा, वर, ठळक अक्षरांत.

"नाय," ती म्हणाली. "परिसेविका बाई रजेवर व्हत्या. तीन महिने मी बघितलं. तेवढंच लिहा."

मी म्हटलं, अगं, त्यानं तुझा फायदाच होईल. तिनं मान हलवली नाही, फक्त पडद्याकडं बघत राहिली. मी ते खोडलं. परिसेविका म्हणजे आपल्याकडं सिस्टर इन्चार्ज, पण तिकडं सिस्टरचा अर्थ कुणी बहीण घेईल, कुणी जोगीण, म्हणून तो शब्द टाळला. लिहिलं, चार्ज नर्सच्या रजेच्या काळात तीन महिने तात्पुरता कार्यभार. तिनं ते वाचलं आणि हो म्हणाली. त्या 'नाय'चाही मला हेवा वाटला. मी तिला एका शब्दानं लहान करून बसले होते आणि ती एका शब्दानंसुद्धा मोठी व्हायला तयार नव्हती.

एजन्सीला कळवणं भाग होतं. आधीचा कागद का बदलला, हे लिहावं लागणार होतं. मी लिहिलं की, आधीच्या भाषांतरात भाषांतरकाराकडून गंभीर त्रुटी राहिल्या, उमेदवाराचा त्यात काही दोष नाही, मूळ दाखल्यांच्या प्रती सोबत आहेत. खाली माझं नाव आणि सही. ती म्हणाली, गंभीर कशाला लिहिता, चुका म्हणा. मी गंभीर ठेवलं.

आठवड्यानं मुंबईहून मुलाखतीचं बोलावणं आलं. दीर तिला घेऊन गेला. परत आल्यावर तिनं सांगितलं की, समोर एक गोरी बाई आणि एक अरब डॉक्टर होते. त्यांनी विचारलं, श्वसनयंत्रावरचं बाळ एकदम निळं पडलं तर काय करशील? तिला इंग्रजी वाक्य जुळेना. मग तिनं टेबलावरची पाण्याची बाटली बाळासारखी आडवी धरली आणि एकेक करून दाखवलं, मध्ये मध्ये एकेक इंग्रजी शब्द. नळी बघायची, छाती बघायची, पिशवीनं श्वास द्यायचा, कुणाला हाक मारायची. गोरी बाई पुढं झुकून बघत होती म्हणे. हे सांगताना तिनं आमच्या घरातली बाटली उचलून पुन्हा करून दाखवलं. सासरे बघत होते, सासूबाई बघत होत्या. मीही बघत होते, आणि मला वाटलं, प्राध्यापकीच्या तिन्ही मुलाखतींत मी असं काही हातात धरून दाखवू शकले असते का?

तिची निवड झाली. परीक्षा, वैद्यकीय तपासणी, दाखल्यांवरचे शिक्के, यांत सहा महिने गेले. दिराच्या ट्रकच्या फेऱ्या चालू असायच्या, सासूबाईंचे डोळे अधू झालेले. मुलीचा प्रश्न होता. मला वाटलं ती मुलीला माहेरी ठेवील. जायच्या महिनाभर आधी ती वर आली आणि म्हणाली, पोरगी तुमच्यापाशी ठेवते. मी विचारलं, माझ्यापाशी? एवढं झाल्यावर?

"तुम्ही कबूल केलंत," ती म्हणाली. "दुसऱ्या कुणी केलं नसतं."

मला मूलबाळ नव्हतं. हे मी आतापर्यंत लिहिलं नाही, कारण लोक तेच कारण धरतात आणि बाकीचं सगळं त्यात टाकून मोकळे होतात. माझा हेवा तेवढ्यापुरता नव्हता.

ती गेल्यावर तिच्या ओळखीच्या नर्स माझ्याकडं यायला लागल्या. तुमच्या जावेनं पाठवलंय म्हणायच्या. मी त्यांचे कागद करू लागले आणि ते काम मला चांगलं जमलं. आधी मूळ दाखला, मग बाईशी तासभर बोलणं, मग इंग्रजी. कुणाला स्वतःला फुगवून हवं असायचं, त्यांना मी नाही म्हणायचे. कुणी स्वतःच स्वतःला बारीक करून लिहून आणायच्या, 'फक्त वॉर्डात होते' म्हणायच्या, त्यांना मी विचारत राहायचे. चाचा मला चिडवायचे की सेंटरचा आता दवाखाना झाला. पण फोनवर तिचा आवाज आला, निळ्या कपड्यातला तिचा फोटो आला, सासऱ्यांनी तो वस्तीवर सगळ्यांना दाखवायला नेला, की मला जिथं दुखायचं तिथंच दुखायचं.

मुलगी मात्र वाढत होती. माझ्याजवळ जेवायची, माझ्याजवळ पाढे म्हणायची, मला मोठी आई म्हणायची. फोनवर आईशी बोलताना ती दोन वाक्यं बोलून फोन माझ्या हातात द्यायची आणि खेळायला पळायची.

दोन वर्षांनी जाऊ महिनाभराच्या सुट्टीवर आली. दारात बॅगा ठेवून तिनं दोन्ही हात पुढं केले. मुलगी माझ्या मागं सरकली आणि माझी साडी धरली. मग वर बघून मला विचारलं, "मोठी आई, जाऊ का?"

जावेनं माझ्याकडं पाहिलं. ती नजर कशाची आहे, हे मला कुणी सांगायची गरज नव्हती. आणि खरं लिहायचं तर आधी मला आनंदच झाला, एजन्सीचं पहिलं पत्र वाचताना झाला होता तसाच. मग मी वाकून मुलीचा हात सोडवला आणि म्हटलं, जा, आई आहे ती. ती गेली, पण मागं बघत बघत.

दुसऱ्या दिवशी मी करमाडला माहेरी निघून गेले. घरी सांगितलं, आईची तब्येत बरी नाही. आईला काही झालं नव्हतं. आठ दिवस राहिले. मुलीला भूक लागली, ठेच लागली, वेणी घालायची झाली, तर मी सापडू नये, एवढाच विचार.

नवव्या दिवशी संध्याकाळी परत आले तर दोघी खालच्या पायरीवर बसल्या होत्या. मुलगी आईच्या मांडीवर डोकं ठेवून तिला शाळेतली कविता म्हणून दाखवत होती. मला बघून ती हसली, पण उठली नाही. कविता पुरी करायची होती तिला. जाऊ सरकली आणि तिनं शेजारी जागा केली. मला हेवा वाटला, नेहमीसारखाच. तो तसाच घेऊन मी पिशवी खाली ठेवली आणि त्यांच्याजवळ बसले.